सुई नको, अख्खी गाठ

बाई 42 वर्षांच्या, तालुक्याच्या गावी शाळेत शिकवणाऱ्या. दिवाळीच्या सुमारास हनुवटीवर राठ केस यायला लागले आणि पाठीवर पुटकुळ्या उठल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मग पाळी बंद झाली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पीसीओडी असेल म्हणून गोळ्या लिहून दिल्या. संक्रांतीपर्यंत बीपी 170 वर 104 झालं, साखर वाढली, त्यावर फिजिशियनची वेगळी औषधं सुरू झाली. फेब्रुवारीत चेहरा गोल आणि लालसर दिसायला लागला, नुसतं बसच्या दांड्याला दंड घासला तरी काळानिळा डाग पडायचा, आणि जमिनीवर बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना. आवाजही जाड झाला होता. वर्गातल्या मुलांनी विचारलं, "बाई, सर्दी झाली का?" होळीच्या आसपास डाव्या कुशीत जडपणा वाटतो म्हणून सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टमध्ये डाव्या मूत्रपिंडाच्या वर मोठी गाठ असल्याचं आलं.

ही हकीकत कुणा एकीची नाही. या आजारात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाभोवती मांडल्या आहेत. आजाराचं नाव अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्सचा कर्करोग. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी असते. वजन जेमतेम 4 ते 5 ग्रॅम. तिचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स, तीन प्रकारची हार्मोन्स बनवतो. कॉर्टिसॉल ताणाच्या वेळी शरीर सावरतं आणि साखर-बीपीवर लक्ष ठेवतं, अल्डोस्टेरॉन मीठ आणि पोटॅशियम सांभाळतं, आणि पुरुषी गुणाची हार्मोन्स बाईच्याही अंगात थोडी लागतातच. या थराचा कर्करोग फार दुर्मीळ. वर्षाला दहा लाख माणसांत एखाददुसऱ्याला होतो. त्या हिशेबाने अख्ख्या महाराष्ट्रात वर्षाला शे-दोनशे रुग्ण निघावेत, म्हणजे गावातल्या डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत एकही नजरेस न पडणं अगदी शक्य आहे. वरच्या तिन्ही डॉक्टरांना दोष देताना हे विसरू नये. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला आणि त्या तुकड्यापुरतं त्याचं बरोबर होतं.

पण सगळे तुकडे एकत्र ठेवले की चित्र पालटतं, आणि त्यात सर्वात बोलका असतो वेग. पीसीओडीची सुरुवात बहुधा वयात येताना होते, केस वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, आवाज बदलत नाही. चाळिशीतल्या बाईला चार-पाच महिन्यांत दाढीसारखे केस येणं, आवाज जाड होणं, डोक्यावरचे केस पुरुषासारखे विरळ होणं हे पीसीओडीत बसत नाही. नुसतं कॉर्टिसॉल वाढलं असतं तर पाळी बिघडली असती, अंगावर सूज आली असती, मांड्यांचा जोर गेला असता. पण आवाज बदलला नसता. इथे दोन्ही एकदम चाललं होतं.

या मिश्रणालाच तज्ज्ञ घाबरतात. का, ते थोडं सावकाश पाहू. अ‍ॅड्रिनलला काम करायचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. त्या हुकमाचं नाव एसीटीएच. साधी, कर्करोग नसलेली गाठ जेव्हा आपल्या मनाने कॉर्टिसॉल बनवायला लागते, तेव्हा रक्तातलं जादा कॉर्टिसॉल पाहून पिट्युटरी हुकूम बंद करते. हुकूम थांबला की ग्रंथीचं पुरुषी हार्मोनचं कामही मंदावतं. त्यामुळे साध्या गाठीत कॉर्टिसॉल वर आणि डीएचईए-एस हे अ‍ॅड्रिनलचं खास पुरुषी हार्मोन खाली, अशी जोडी दिसते. हे दोन्ही एकाच वेळी चढलेलं असेल, तर त्याचा अर्थ गाठ स्वतःच दोन्ही बनवते आहे. साध्या गाठीतल्या पेशी सहसा असं करत नाहीत. कर्करोगाच्या पेशी मात्र बिघडलेल्या असतात. हार्मोन बनवण्याच्या साखळीतल्या काही पायऱ्या त्यांना धड येत नाहीत, म्हणून कच्चा माल अर्धवट अवस्थेतच बाहेर फेकणाऱ्या कारखान्यासारखं त्यांचं चालतं. रक्तात आणि लघवीत अशी अर्धीकच्ची हार्मोन्स सापडली तर संशय आणखी पक्का होतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी तर 24 तासांच्या लघवीतल्या अशा घटकांच्या ठेवणीवरून साधी गाठ आणि कर्करोग वेगळे ओळखायची पद्धतच बसवली आहे.

पुरुषात हेच मिश्रण वेगळं दिसतं. पुरुषी हार्मोन त्याला आधीच भरपूर असतं, त्यात भर पडली तर कळत नाही. मात्र गाठ स्त्री-हार्मोन बनवू लागली की त्याची छाती सुजते आणि दुखते. मोठ्या माणसात अ‍ॅड्रिनलच्या गाठीतून स्त्री-हार्मोन येत असेल तर ती गाठ कर्करोगाची नाही असं दाखवून द्यावं लागतं. लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांच्या आत, दोन-तीन वर्षांच्या पोरीला जांघेत केस येतात, अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास येतो. दक्षिण ब्राझीलमध्ये मुलांमधला हा कर्करोग जगाच्या मानाने कितीतरी पटींनी जास्त आहे, कारण टीपी53 नावाच्या जनुकातला एक विशिष्ट बदल तिथे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांतून उतरत आला आहे.

आपल्या बाईंच्या तपासण्या आता हार्मोन्सच्या डॉक्टरांनी, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, लावल्या. रात्री 11 वाजता डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी 8 वाजता रक्त द्यायचं. निरोगी माणसात या गोळीने कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली दबतं. बाईंचं 22 आलं. एसीटीएच मोजता येऊ नये इतकं कमी. डीएचईए-एस त्यांच्या वयाच्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त, टेस्टोस्टेरॉनही चढलेलं. पोटॅशियम 2.9, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडू शकतील इतकं उतरलेलं. आणखी एक तपासणी झाली, तिचं नाव मेटॅनेफ्रिन. ग्रंथीच्या आतल्या भागातून फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ निघते. ती माहीत नसताना भूल दिली किंवा सुई टोचली तर बीपी क्षणात जीवघेणं चढू शकतं. म्हणून मोठ्या गाठीला हात लावण्याआधी ही तपासणी सोडायची नाही. बाईंची ती नॉर्मल होती.

मग सीटी स्कॅन. इथे एक चूक इतक्यांदा होते की थोडं थांबून सांगायला हवं. पोटाचा सीटी म्हटलं की बहुतेक ठिकाणी शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन फोटो काढतात. अ‍ॅड्रिनलच्या गाठीसाठी मात्र कॉन्ट्रास्ट देण्याआधीचा फोटो सर्वात कामाचा. संगणक त्यावर प्रत्येक ठिकाणाचा दाटपणा आकड्यात सांगतो, त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. पाणी 0, चरबी उणे 100 च्या आसपास. साध्या गाठीच्या पेशींत चरबीचा साठा असतो, त्यामुळे तिचा आकडा बहुधा 10 किंवा त्याखाली येतो. गाठ एकसारखी असून आकडा 10 च्या आत असेल तर ती कर्करोगाची नाही असं युरोपातल्या तज्ज्ञांची 2023 ची मार्गदर्शक सूचना सांगते, मग गाठ कितीही मोठी असो. कर्करोगात चरबी नसते, आकडा 20 च्या पुढे जातो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर मात्र सगळ्याच गाठी उजळतात आणि हा फरक दिसेनासा होतो. रिपोर्टात हा आकडा कित्येकदा लिहिलेलाच नसतो. रेडिओलॉजिस्टना विचारलं तर ते पडद्यावर गाठीवर एक छोटं वर्तुळ काढून दोन मिनिटांत तो सांगू शकतात.

बाईंची गाठ 11.5 सेंटिमीटर, कॉन्ट्रास्टआधीचा आकडा 38. कडा वेड्यावाकड्या, मधे रक्त न पोचून मेलेला काळसर भाग, एका कोपऱ्यात चुन्याचे खडे. कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ एकसारखी न उजळता ठिगळ-ठिगळ उजळली. रेडिओलॉजिस्टनी मूत्रपिंडाची शीर आणि पोटातली मोठी नीला शेवटपर्यंत तपासली, कारण हा कर्करोग शिरेच्या आत शिरून बोटासारखा वर चढतो, कधी थेट हृदयाच्या दारापर्यंत. इथे शिरा मोकळ्या होत्या. फुप्फुसं आणि यकृत, जिथे हा रोग आधी जातो, तीही स्वच्छ होती.

आकाराबद्दलही नीट समजून घ्यायला हवं. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सीटीमध्ये शंभरातल्या तीन-चार जणांना, म्हातारपणी तर त्याहून जास्त लोकांना, अ‍ॅड्रिनलवर बारीक गाठ सापडते. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. 2002 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बसवून जो हिशेब मांडला, त्यात 4 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत कर्करोग 100 पैकी 2, 4 ते 6 मध्ये 6, आणि 6 च्या वर 25 असा निघाला. म्हणजे 6 सेंटिमीटरच्या वरही चारातल्या तीन गाठी या कर्करोगाच्या नव्हत्या. नुसता आकार बघून कुणाला घाबरवू नये. उलट, हा कर्करोग सापडतो तेव्हा सरासरी 10 ते 12 सेंटिमीटरचा असतो. पोटाच्या मागच्या पोकळीत जागा भरपूर, त्यामुळे गाठ दुखायला लागेपर्यंत बराच काळ निघून जातो. निम्म्याच्या आसपास रुग्णांत हार्मोनची खूण दिसतच नाही, आणि तिथे पोटातल्या जडपणाने किंवा निव्वळ योगायोगानेच पत्ता लागतो. मोठा आकार, मिश्र हार्मोन आणि वर सांगितलेलं सीटीचं रूप, हे तिन्ही एकत्र आले की मात्र फार शंका उरत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न. बाईंचे दीर म्हणाले, "साहेब, आधी सुईने तुकडा काढून बघा ना. कॅन्सर निघाला तर पुढचं ठरवू." रास्त मागणी. स्तनाची गाठ असो, मानेतली असो, आपण हेच करतो, आणि सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही आपल्याकडची भीती बहुतेक कर्करोगांत खोटी आहे. या एका जागी मात्र त्या भीतीत तथ्य आहे. पहिलं म्हणजे, सुईने आलेल्या चिमूटभर पेशींवरून साधी गाठ की कर्करोग हे पॅथॉलॉजिस्टला खात्रीने सांगता येत नाही, कारण दोन्ही दिसायला फार सारख्या असतात. दुसरं, ही गाठ आवरणाने बांधलेली असते आणि आत मऊ, भुसभुशीत. सुईच्या वाटेने तिच्या पेशी बाहेर पडून पोटात रुजू शकतात, आणि बरी होऊ शकणारी अवस्था हातची जाऊ शकते. म्हणजे उत्तर मिळेलच याची हमी नाही आणि धोका मात्र खरा. म्हणून जिथे ऑपरेशन करता येण्यासारखं आहे तिथे तुकडा काढायचा नाही, थेट अख्खी गाठ काढायची.

याला अपवाद आहेत. दुसऱ्या अवयवाचा कर्करोग आधीच आहे आणि तो अ‍ॅड्रिनलमध्ये उतरलाय का हे कळल्याने उपचार बदलणार असतील, तर बायोप्सी होते. ऑपरेशन शक्यच नाही इतका रोग पसरला असेल तरीही होते. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. क्षयरोग किंवा हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीने दोन्ही बाजूंच्या अ‍ॅड्रिनल सुजतात, त्यात ग्रंथीचं काम बहुधा कमी पडतं, आणि तिथे सुई उपयोगी पडते. एका बाजूला, हार्मोनने उतू जाणारी मोठी गाठ हे प्रकरणच वेगळं.

घाई कशासाठी, याची दोन कारणं आहेत. एक उघड आहे. हा कर्करोग वेगाने वाढतो आणि त्याच्या प्रत्येक पायरीला आयुष्याचं गणित बदलतं. युरोपातल्या तज्ज्ञगटाच्या पायऱ्यांप्रमाणे 5 सेंटिमीटरपर्यंतची, ग्रंथीतच असलेली गाठ ही पहिली पायरी. 5 च्या वर पण ग्रंथीतच राहिलेली दुसरी. आजूबाजूला, लसिकाग्रंथीत किंवा शिरेत शिरलेली तिसरी. दूरच्या अवयवात गेलेली चौथी. जर्मनीतल्या रुग्णांच्या नोंदीत पाच वर्षांनंतर जगलेले पहिल्या पायरीत 100 पैकी सुमारे 80, दुसरीत 60, तिसरीत 50, चौथीत जेमतेम 13. बाई दुसऱ्या पायरीवर होत्या. शिरेत शिरायला किंवा फुप्फुसात ठिपका उमटायला आठवडे पुरतात, म्हणून ऑपरेशनच्या वेळी महिन्याहून जुना सीटी असेल तर चांगली पथकं तो पुन्हा काढतात. सहा महिन्यांनी परत बघू हा सल्ला लहान, अनिश्चित गाठीसाठी ठीक आहे, असल्या गाठीसाठी नाही.

दुसरं कारण कमी बोललं जातं. कर्करोग पसरायच्या आधीच कॉर्टिसॉल माणसाला मारू शकतं. ते रक्त घट्ट करतं, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते. प्रतिकारशक्ती इतकी खाली येते की साधा संसर्ग भारी पडतो. जखम भरत नाही. म्हणून घाई म्हणजे त्याच रात्री टेबलावर घेणं नव्हे. मधल्या दोन आठवड्यांत बाईंचं पोटॅशियम भरून काढलं, बीपी आणि साखर आटोक्यात आणली, रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं सुरू केली, कॉर्टिसॉल दाबायला केटोकोनाझोल दिलं. आणि तेवढ्यात त्यांना अ‍ॅड्रिनलची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या पथकाकडे पाठवलं. युरोपीय सूचनांनुसार अशा सर्जनने वर्षाला किमान 6, शक्यतो 20 हून अधिक अ‍ॅड्रिनलची ऑपरेशनं करायला हवीत. मुंबईत टाटा मेमोरियल किंवा के.ई.एम.सारख्या ठिकाणी हार्मोनचे डॉक्टर, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून असा निर्णय घेऊ शकतात. जवळच्या ओळखीच्या दवाखान्यात उरकून घेण्याचा मोह इथे महागात पडतो, कारण बरं होण्याची खरी संधी पहिल्या ऑपरेशनलाच असते.

घरच्यांनी आणखी एक विचारलं, दुर्बिणीतून होणार नाही का? व्रण बारीक, सुट्टी कमी. 6 सेंटिमीटरच्या आतल्या, बाहेर न पसरलेल्या गाठीत अनुभवी हात तसा विचार करू शकतात. 11 सेंटिमीटरच्या गाठीत तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. चिमट्याने ओढताना आवरण फाटलं तर पेशी पोटभर सांडतात, आणि मग काही महिन्यांनी पोटात जागोजागी गाठी उगवतात. बाईंचं पोट बरगडीच्या खाली मोठा छेद घेऊन उघडलं. सर्जनने गाठीला चिमटा लावला नाही. भोवतालच्या चरबीसकट, लगतच्या लसिकाग्रंथींसकट, एकसंध मोट बाहेर काढली. डाव्या बाजूला प्लीहा, स्वादुपिंडाची शेपटी आणि मूत्रपिंड लागून असतात. ते चिकटलेले असते तर तेही सोबत काढावे लागले असते. इथे सोडवता आले.

ऑपरेशनच्या टेबलावरच त्यांना हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं. इतके महिने डाव्या गाठीने कॉर्टिसॉलचा पूर आणल्यामुळे उजवी, निरोगी अ‍ॅड्रिनल हुकमाविना झोपी गेलेली असते. गाठ निघताच शरीरात कॉर्टिसॉल एकदम शून्याकडे जातं. ही गोळी चुकली तर उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं, आणि वेळेत कळलं नाही तर मृत्यू. उजवी ग्रंथी जागी व्हायला महिने लागतात, कधी वर्षही.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. आता अख्खी गाठ हातात होती, म्हणून निदान करता आलं. वाइस नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने 1984 मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या 9 खुणा ठरवून दिल्या. तीन किंवा जास्त असतील तर कर्करोग. बाईंच्या 6 होत्या. आवरण शाबूत, कडा मोकळ्या. वाढीचा वेग सांगणारा केआय-67 हा आकडा 18 टक्के. तो 10 च्या वर असेल तर रोग परतण्याची शक्यता जास्त, म्हणून मायटोटेन सुरू करतात. हे औषध डीडीटीच्या कुळातलं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस कुत्र्यांवर तपासताना ते अ‍ॅड्रिनलचा बाहेरचा थर नष्ट करतं असं लक्षात आलं, आणि तो दोषच औषध ठरला. मळमळ, सुस्ती, चालताना तोल जाणं हे त्रास होतात, आणि रक्तातली पातळी 14 ते 20 मिलिग्रॅमच्या पट्ट्यात यायला आठवडे-महिने लागतात. मायटोटेन हायड्रोकॉर्टिसोनही लवकर जिरवतं, त्यामुळे त्या गोळीचा डोस नेहमीपेक्षा दुपटीपर्यंत न्यावा लागतो. हे माहीत नसलेल्या डॉक्टरने डोस कमी केला की पेशंट अशक्तपणाने पुन्हा भरती होतो.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छाती आणि पोटाचा सीटी आणि तीच हार्मोन्स पुन्हा, कारण बाईंच्या बाबतीत डीएचईए-एस आधी हलण्याची शक्यता आहे. त्यासोबत टीपी53 ची जनुक तपासणीही झाली. ती सदोष निघाली असती तर त्यांच्या दोन मुलांचीही तपासणी करावी लागली असती, कारण त्या घराण्यात इतर कर्करोगही लवकरच्या वयात येतात. तपासणी स्वच्छ आली.